अंगठा कधी लागला, कुठल्या कामाला लागला?
(आखाडा बाळापूर येथे प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या दोन-तीन बैठकांत एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडानं आला. "पासबुकात पैसे गेल्याचं दिसतं, पण मी तर काढले नाहीत." कुणी म्हणालं, बँकेची चूक. कुणी म्हणालं, बँक मित्रानं खाल्ले. कुणी घरातल्याच माणसावर संशय घेतला. संशयानं पैसे परत येत नाहीत, उलट घरात आणि समूहात भांडण मात्र लागतं. म्हणून आज एवढंच बोलणार आहे, की पैसे कुणी, कधी आणि कसे काढले, याची नोंद कुठं असते आणि ती आपण स्वतः कशी वाचायची.

आधी आपल्या ओळखीची गोष्ट घेऊ. सातबारा तुम्ही सगळ्यांनी बघितला आहे. घरधनी वारला आणि बाईचं नाव वारस म्हणून लावायचं असेल, तर तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, थेट सातबाऱ्यावर नाव खोडून नवं लिहीत नाहीत. आधी गाव नमुना सहामध्ये फेरफार घालतात. त्याला नंबर असतो, तारीख असते, कशामुळं बदल झाला ते लिहिलेलं असतं. ज्यांचा संबंध आहे त्यांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, आणि नंतर मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. लिहिणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा. आणि जुनं नाव? ते पुसत नाहीत. पूर्वी त्याला कंस करायचे, आता २०२० नंतरच्या नव्या नमुन्यात त्याच्यावर आडवी रेघ मारतात. रेघेखालचं नाव वाचता येतं. त्यामुळं वीस वर्षांनी कुणी विचारलं, की ह्या जमिनीवरचं नाव कुणी आणि कधी बदललं, तर फेरफार नंबर धरून मागं मागं जाता येतं.

मागोवा म्हणतात तो हाच. त्यात तीन गोष्टी लागतात: कुणी केलं, काय केलं, कधी केलं. आणि चौथी अट, जुनी नोंद पुसता येऊ नये. आता हेच आपल्या अंगठ्याला लावून बघू.

बँक मित्राकडं किंवा बँक सखीकडं आपण आधार नंबर सांगतो, बँकेचं नाव सांगतो, मशीनवर अंगठा ठेवतो आणि पैसे मिळतात. तेवढ्या अर्ध्या मिनिटात नोंद एका जागी नाही, दोन जागी होते. मशीन आपला ठसा आधारच्या कार्यालयाकडं, म्हणजे यूआयडीएआयकडं पाठवतं आणि विचारतं, "हा अंगठा ह्याच बाईचा आहे का?" तिथून उत्तर येतं, हो किंवा नाही. त्याची नोंद आधारकडं राहते. उत्तर हो आलं की बँक खात्यातून पैसे वजा करते. त्याची नोंद बँकेकडं राहते, आणि तीच आपल्या पासबुकात छापून येते.

हे दोन दप्तर वेगळे आहेत, हे लक्षात ठेवा. आधारला पैशाची रक्कम माहीत नसते. त्याला फक्त अंगठा जुळला का, हे माहीत असतं. बँकेच्या पासबुकात रक्कम दिसते, पण अंगठा किती वेळा ठेवायला लावला ते दिसत नाही. एका दप्तरात अर्धी गोष्ट, दुसऱ्यात अर्धी. दोन्ही शेजारी ठेवली की पूर्ण गोष्ट दिसते.

पासबुक तर आपल्याकडं आहे. आधारचं दप्तर कसं बघायचं? मोबाईलवर myaadhaar.uidai.gov.in उघडायचं. आधार नंबर टाकायचा, आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, तो टाकून आत जायचं. तिथं Authentication History असं लिहिलेलं असतं, ते दाबायचं. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत बघायचं, ते विचारतं. मागच्या सहा महिन्यांपर्यंतचं दिसतं, आणि एका वेळी जास्तीत जास्त पन्नास नोंदी दिसतात. सहा महिनेच का? २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की लोकांच्या ह्या नोंदी सहा महिन्यांपेक्षा जास्त साठवू नका. आपल्या खासगीपणासाठी ते बरंच आहे. पण त्याचा अर्थ असा, की दिवाळीला काही गडबड वाटली आणि पुढच्या दिवाळीला तपासायला बसलात, तर हे दप्तर कोरं मिळेल.

यासाठी आधारला आपला स्वतःचा चालू मोबाईल नंबर जोडलेला पाहिजे. आपल्यातल्या बऱ्याच जणींच्या आधारला पोराचा, पुतण्याचा, नाहीतर बंद पडलेला नंबर असतो. आधार केंद्रावर जाऊन तो बदलून घ्या. आणि आधारमध्ये नाव, पत्ता, मोबाईल कधी बदलला, याचीही नोंद राहते. त्याच ठिकाणी Aadhaar Update History म्हणून असतं. तुम्ही बदल केला नाही आणि तिथं नवा बदल दिसला, तर १९४७ ह्या आधारच्या नंबरावर फोन करून विचारा.

आता नोंद उघडली. एका ओळीत काय काय असतं? तारीख आणि वेळ, ही झाली "कधी". कशानं ओळख पटवली, अंगठ्यानं की ओटीपीनं. कुठल्या संस्थेनं विचारलं तिचं नाव, ही झाली "कुणी". आणि उत्तर हो की नाही, हे Y किंवा N अशा अक्षरानं. N असेल तर शेजारी एक आकडा असतो. 300 म्हणजे अंगठा जुळला नाही. 330 म्हणजे आधार धारकानं अंगठा कुलूपबंद केलेला होता. हे दोन आकडे लक्षात ठेवले तरी बस झालं.

ही यादी बघून दचकू नका. त्यातल्या बऱ्याच ओळी तुमच्याच असतात. रेशन दुकानात अंगठा लावला, ती ओळ. नवीन सिम घेतलं, ती ओळ. २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी ओटीपीनं केली, तीही अशीच ओळ बनली. बँकेचं नाव ओळखीचं नसलं तरी लगेच चोरी समजू नका. बँक मित्राचं मशीन आपल्या बँकेचं नसून दुसऱ्या बँकेचं असू शकतं. पहिली पायरी अशी, की एका कागदावर आपण त्या महिन्यात कुठं कुठं अंगठा लावला ते आठवून लिहायचं, आणि त्या ओळींवर टिकमार्क करायचं. ज्या ओळींना टिकमार्क मिळत नाही, त्याच बघायच्या.

आता एक उदाहरण धरून चालू. समजा, आपल्यातल्या एक काकू १२ तारखेला बाजाराच्या दिवशी दोन हजार काढायला गेल्या. बँक मित्र म्हणाला, "काकू, अंगठा येईना, हात पुसून परत ठेवा." काकूंनी चार वेळा अंगठा ठेवला. शेवटी दोन हजार हातात मिळाले. पावती मागितली तर "कागद संपला" म्हणाला. आठ दिवसांनी पासबुक छापलं. १२ तारखेला दोन ओळी, एक सहा हजारांची, एक दोन हजारांची.

काकूंनी आधारची यादी काढली. १२ तारखेला चार ओळी निघाल्या. ११ वाजून ४२ मिनिटांनी N, 300. ११ वाजून ४३ मिनिटांनी Y. ११ वाजून ४६ मिनिटांनी N, 300. ११ वाजून ४७ मिनिटांनी Y.

नीट बघा. काकूंना पहिल्या तिन्ही वेळा सांगितलं, अंगठा येईना. पण दुसऱ्या वेळी अंगठा जुळला होता. शेतात काम करणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या, हळद सोलणाऱ्या बायांचे ठसे झिजतात, त्यामुळं एखादा N येतोच. त्यात खोटं काही नाही. खोटं आहे ते ११ वाजून ४३ मिनिटांचं बोलणं. मशीननं हो सांगितलं आणि माणसानं नाही सांगितलं.

तरीही एवढ्यावर चोरी म्हणायची नाही, थांबा. Y आलं म्हणजे पैसेच काढले असं होत नाही. शिल्लक बघायलाही अंगठा लागतो, आणि तेव्हाही Y येतं. कधी अंगठा जुळतो पण पुढं बँकेचं सर्व्हर अडकतं, पैसे खात्यातून वजा होतात आणि दुकानात मिळत नाहीत. तसं झालं तर रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या नियमाप्रमाणे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे खात्यात परत आले पाहिजेत, आणि त्याहून उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई आहे. म्हणून दुसरं दप्तर बघायचं. काकूंच्या पासबुकात सहा हजार वजा झाले आणि आठ दिवसांत परत आले नाहीत. म्हणजे बँकेच्या दप्तरात तो व्यवहार पूर्ण झालेला आहे. एक Y, एक सहा हजारांची ओळ. दुसरा Y, एक दोन हजारांची ओळ. आणि हातात आले फक्त दोन हजार. आता प्रश्न पक्का झाला.

हेच उलटंही लावून बघा. आधारच्या यादीत Y आहे पण पासबुकात त्या दिवशी काहीच गेलं नाही, तर बहुतेक शिल्लक बघितली असेल किंवा दुसऱ्या कुठल्या कामाला अंगठा लागला असेल. आणि पासबुकात पैसे गेले पण त्या दिवशी आधारच्या यादीत एकही Y नाही, तर ते अंगठ्यानं गेलेले नाहीत. मग फोनवरून, एटीएम कार्डानं किंवा विड्रॉल स्लिपनं गेले का, ते बँकेला विचारायचं. बँक मित्रावर आळ घ्यायचा नाही. मागोवा चोर दाखवतो, तसाच निर्दोष माणूसही दाखवतो.

काकूंनी पुढं काय करायचं? बँकेच्या शाखेत लेखी अर्ज. त्यात तारीख, वेळ, रक्कम, आणि पासबुकातल्या त्या ओळीत जो लांब आकडा असतो तो जसाच्या तसा. पावती असेल तर तिच्यावर आरआरएन म्हणून बारा आकडी नंबर असतो. तो नंबर म्हणजे त्या व्यवहाराचा फेरफार नंबर समजा. त्याच्यावरून बँकेला आपल्या दप्तरात शोधता येतं, की व्यवहार कुठल्या मशीनवर झाला आणि ते मशीन कुणाच्या नावावर आहे. अर्जात हेच मागायचं: "हा व्यवहार कुठल्या मशीनवर व कुठल्या बँक मित्राकडं झाला, ते लेखी कळवावे." आधारच्या यादीचा फोटो जोडायचा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच, म्हणजे शिक्का, सही आणि तारीख घ्यायची. पोच नसेल तर तुम्ही अर्ज कधी दिला, याचाच मागोवा राहणार नाही. शिवाय १९३० ह्या सायबर मदत क्रमांकावर लगेच फोन करायचा. बँकेनं तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार करता येते.

दिवस महत्त्वाचे आहेत. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक सांगतं, की बँकेचीही चूक नाही आणि तुमचीही नाही, तिसऱ्याच कुणी पैसे काढले, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत तुम्ही कळवलं, तर तुमच्यावर काहीच बोजा येत नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंत बोजा येतो. त्यापुढं बँकेच्या धोरणावर. बँकेकडूनच निष्काळजीपणा किंवा फसवणूक झाली असेल, तर उशिरा कळवलं तरी बोजा तुमच्यावर नाही, आणि ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करायचं काम बँकेचं आहे. बँक मित्राच्या कामाला त्याला नेमणारी बँक जबाबदार असते, हेही अर्जात लिहा. बँक म्हणू शकते, "अंगठा तर तुम्हीच दिला." बरोबर आहे, दिला. म्हणून तर ११ वाजून ४२ ते ४७ ह्या पाच मिनिटांच्या चार ओळी कामाच्या. दोन हजार काढायला आलेली बाई पाच मिनिटांत दोनदा पैसे कशाला काढेल, आणि आधी सहा हजार कशाला काढेल, हा प्रश्न त्या ओळी विचारतात.

ह्या दप्तराची मर्यादाही सांगते. आधारच्या यादीत गाव दिसत नाही. मशीनपुढं कोण बसलं होतं ते दिसत नाही. आणि अंगठा खरा होता की ठशाची नक्कल, हेही त्या ओळीवरून आपल्याला कळत नाही. हे नुसतं भय नाही. २०१८ मध्ये शेजारच्या तेलंगणात जमिनीच्या कागदपत्रांवरचे अंगठे घेऊन रबरी ठसे बनवले आणि त्यावर सिमकार्डं चालू केली, असं उघड झालं होतं. तेव्हापासून नकली ठसा ओळखायची सोय मशीनमध्ये वाढवली आहे, पण आपल्या हातातला उपाय कुलूप आहे. myaadhaar वर किंवा आधारच्या ॲपमध्ये अंगठा कुलूपबंद करता येतो. मग रेशनला किंवा बँक मित्राकडं जाताना थोड्या वेळापुरतं उघडायचं. कुलूप असताना कुणी अंगठा चालवायचा प्रयत्न केला, तर यादीत 330 अशी ओळ येते. तुम्ही दिवसभर रानात होता आणि यादीत त्या दिवशी 330 दिसलं, तर समजा, कुणीतरी दार ढकलून बघितलं आहे. ज्यांच्या घरात मोबाईलची अडचण आहे त्यांनी कुलूप लावण्याआधी विचार करा, नाहीतर रेशनच्या रांगेत ते उघडेना म्हणून अडून बसाल.

शेवटचा मुद्दा आपल्या स्वतःच्या दप्तराचा. बँकेला आपण विचारतो, कुणी बदललं, कधी बदललं. आपल्या समूहाच्या वहीला तो प्रश्न विचारला तर ती उत्तर देईल का? रोकड वहीत ५०० चे ८०० झालेले दिसले आणि खाली पांढरं औषध लावलेलं असलं, तर कोण चुकलं, कोण खोटं बोललं, काहीच सांगता येत नाही. चूक झाली तर चुकीच्या आकड्यावर एक आडवी रेघ, जुना आकडा वाचता आला पाहिजे. वर नवा आकडा, शेजारी लिहिणारीची सही आणि तारीख. मोठा बदल असेल, म्हणजे कुणाच्या कर्जाची बाकी कमी-जास्त करायची असेल, तर पुढच्या बैठकीच्या कार्यवृत्तात एक ओळ: काय बदललं, का बदललं, आणि अध्यक्ष व सचिव दोघींची सही. लिहिणारी एक, मंजूर करणारी दुसरी. फेरफारासारखंच. पानांना नंबर घाला आणि पान कधी फाडू नका. सदस्येच्या पासबुकातली बाकी आणि समूहाच्या वहीतली बाकी महिन्यातून एकदा समोरासमोर वाचा. दोन दप्तर जुळले तर संशयाला जागा राहत नाही.

तर ह्या महिन्यात एवढं काम करू. प्रत्येकीनं आपलं पासबुक छापून आणायचं. ज्यांच्या आधारला स्वतःचा मोबाईल जोडलेला आहे, त्यांनी आपली सहा महिन्यांची यादी घरी, स्वतःच्या हातानं उघडून बघायची. ओटीपी कुणाला सांगायचा नाही, मलाही नाही आणि बँक सखीलाही नाही. ज्या ओळीला टिकमार्क मिळाला नाही, तेवढीच ओळ कागदावर लिहून पुढच्या बैठकीला आणा: तारीख, वेळ, Y का N, आणि पासबुकातली रक्कम. आधार नंबर त्या कागदावर लिहू नका. मग कागद आणि पासबुक शेजारी ठेवून बघू, की शाखेत अर्ज द्यायचा, का रेशन दुकानात लावलेलाच अंगठा आपण विसरलो होतो.